प्रवासात इंजिनचा दिवा लागला तर: घरच्या ग्रुपसाठी सविस्तर संदेश

सगळ्यांना,

परवा पहाटे आपल्या दोन्ही गाड्या निघतील. एक दादा चालवेल, दुसरी वहिनी आणि पुतण्या आलटून पालटून. या वेळी मी सोबत नाही, म्हणून हे सगळं आजच लिहून ठेवते. वर्कशॉपमधल्या इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. इंजिनचा दिवा लागल्यावर माणसं दोन टोकांना जातात. कुणी घाबरून भर रस्त्यात गाडी थांबवतं, तर कुणी 'गाडी तर चालतेय ना' म्हणून पुढचे तीनशे किलोमीटर तशीच रेटतं. दोन्हींत नुकसान आहे. मेसेज लांब आहे, पण निघण्याआधी चालवणाऱ्या तिघांनी आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण वाचा. प्रवासात नेटवर्क नसेल, तेव्हा आत्ताच सेव्ह करून ठेवा.

आधी तो दिवा ओळखा

उद्या गाडीत बसा, चावी फिरवा किंवा ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवर बरेच दिवे लागतील. त्यात इंजिनच्या आकाराचं एक पिवळं किंवा नारिंगी चित्र दिसेल. तोच 'चेक इंजिन'चा दिवा. त्याच रांगेत तेलाच्या बुधलीचं लाल चित्र आणि पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं चित्रही शोधून ठेवा, कारण आणीबाणीत या तिघांची गल्लत होते. मग इंजिन सुरू करा. पिवळा दिवा काही सेकंदांत विझायला हवा.

चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर मला लगेच सांगा. सेकंडहँड गाडीत कधीकधी बिघाड लपवण्यासाठी कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलेला असतो, आणि मग आपण ज्याच्यावर विसंबलो तो पहारेकरीच झोपलेला निघतो.

हा दिवा 'काय बिघडलं' ते सांगत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय आणि त्याने त्याची नोंद कोडच्या रूपात करून ठेवली आहे, एवढंच तो सांगतो. खटकलेली गोष्ट पेट्रोलच्या टाकीचं सैल झाकण असू शकते, आणि इंजिनचा एक सिलिंडर बंद पडलेला असू शकतो. दिवा दोन्हीकडे तोच. म्हणून दिव्याकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा पुढच्या तीन गोष्टी पाहायच्या.

पहिला अर्धा मिनिट: रंग, लुकलुक आणि गाडीची चाल

दिवा दिसला की ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि शेजारी बसलेल्याला मीटर बघायला सांगा. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच राहू द्या.

रंग लाल असेल तर तो चेक इंजिनचा दिवा नाहीच. लाल बुधली म्हणजे इंजिनमधल्या तेलाचा दाब गेला. अशा वेळी जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या ढाब्यापर्यंत, पुढच्या पुलापर्यंत, असं काही म्हणायचं नाही. तेलाच्या दाबाशिवाय फिरणाऱ्या इंजिनचे बेअरिंग फार थोड्या वेळात घासून निघतात. नंतर डिपस्टिकवर तेल पुरेसं दिसलं तरी गाडी पुन्हा सुरू करायची नाही. तो दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. पंप बिघडला असेल तर तेल भरपूर असूनही दाब शून्य असू शकतो. टोइंग बोलवा.

तापमानाचा काटा लाल पट्टीकडे गेला किंवा थर्मामीटरचा लाल दिवा लागला, तरी तसंच. एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा म्हणजे बाजूला घेईपर्यंत थोडी उष्णता आत येईल, गाडी थांबवा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या डब्याचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. झाकण सैल झालं की ते क्षणात उकळून तोंडावर उडतं. मी असा भाजलेला हात पाहिला आहे. निदान अर्धा तास, खरं तर इंजिनवर हात ठेवता येईपर्यंत थांबायचं.

आता पिवळ्या दिव्याकडे वळू. तो स्थिर आहे की लुकलुकतोय, हा या सगळ्या मेसेजमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये, तेही असं की धुराच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. पाय काढा, एसी बंद करा, वेग कमी करा, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणाऱ्या दिव्याने चढ चढायचा नाही, ओव्हरटेक करायचं नाही.

स्थिर असेल तर गाडी कशी चालतेय ते पाहा. पिकअप नेहमीसारखा आहे का, झटके बसतायत का, आवाज बदलला का, कच्च्या पेट्रोलचा किंवा जळका वास येतोय का? सगळं नेहमीसारखं असेल आणि तापमानाचा काटा त्याच्या जागी असेल, तर घाई नाही. रुंद, सपाट, उजेडाची जागा येईपर्यंत जा, मग थांबा. गाडीने अचानक ताकद सोडली, आरपीएम एका मर्यादेपुढे जायलाच तयार नसेल, तर कॉम्प्युटरने इंजिनला वाचवण्यासाठी स्वतःहून ताकद कापली आहे. तेव्हा मधल्या लेनमध्ये राहू नका. ओव्हरटेक अर्धवट राहील अशी वेळ येऊ देऊ नका.

थांबताना

इंडिकेटर देऊन कडेला या, शक्य तेवढे आत. चारही इंडिकेटर एकत्र लावा. सगळ्यांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरायचं आणि रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं, मुलांचा हात धरून. बंद गाडीत बसून मदतीची वाट पाहणं मोठ्या रस्त्यावर सर्वांत धोक्याचं असतं, कारण मागून येणाऱ्याला थांबलेली गाडी चालत असल्यासारखी वाटते. त्रिकोण ठेवायला मागे सुरक्षितपणे चालत जाता येत असेल तरच जा, आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. जागा नसेल तर त्रिकोण राहू दे.

गाडी कोरड्या गवतावर उभी करू नका. मिसिंग करणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की खालचं गवत पेटू शकतं.

थांबल्यावर: गेल्या तासाभरात काय काय झालं?

बॉनेट उघडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना उत्तर माहीत असतं, पण त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही.

नुकतंच पेट्रोल भरलं होतं? मग टाकीचं झाकण तपासा. ते काढा, कडेचं रबर चिरलंय का पाहा, पुन्हा बसवा आणि टक असा आवाज येईपर्यंत फिरवा. बऱ्याच गाड्यांत टाकीतली वाफ बाहेर गळतेय का हे कॉम्प्युटर तपासत असतो, आणि सैल झाकण म्हणजे त्याच्या लेखी गळतीच. झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच विझत नाही, हे लक्षात ठेवा. तपासणी पुन्हा नीट पार पडेपर्यंत तो काही फेऱ्या, म्हणजे गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या काही खेपा, लागलेला राहतो. म्हणून 'झाकण लावलं तरी दिवा गेला नाही, म्हणजे काहीतरी मोठं आहे' असा निष्कर्ष काढू नका.

पेट्रोल भरल्यावर काही मिनिटांतच गाडी झटके द्यायला लागली असेल, तर इंधनात पाणी किंवा चुकीचं इंधन असण्याची शक्यता धरा. पावती जपून ठेवा. पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेल्याचं लक्षात आलं तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका. टाकी रिकामी करूनच पुढे जायचं.

खोल पाण्यातून गेलात? इंजिन धुऊन घेतलं होतं? मग पाणी स्पार्क प्लगच्या खळग्यांत साठलं असू शकतं. टायरखाली मोठा दगड आला, खालून ठणका बसला? मग गाडीखाली वाकून तेल किंवा कूलंट ठिबकतंय का ते पाहा.

यानंतर तेल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. बहुतेक लहान गाड्यांत त्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरच्या आसपास असतं. खालच्या खुणेपाशी असेल तर एकदम लिटरभर ओतू नका. थोडं घाला, थांबा, पुन्हा पाहा. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं तेलसुद्धा त्रास देतं.

स्कॅनर लावून कोड वाचणं

दादाच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये मी काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ स्कॅनर ठेवला आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात तो बसतो. दोन्ही गाड्यांत ती जागा मी पाहून ठेवली आहे, पुतण्याला दाखवली आहे. इंजिन बंद, चावी चालू. फोनवरचं ॲप त्याला जोडा आणि कोड वाचा.

स्क्रीनवर P आणि चार आकडे दिसतील. त्याच्याशेजारी `Pending` लिहिलं असेल तर कॉम्प्युटरला शंका आली आहे पण खात्री झालेली नाही. `Stored` किंवा `Confirmed` असेल तर खात्री झाली आहे. बहुतेक बिघाडांत दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत तोच दोष दिसल्याशिवाय कॉम्प्युटर दिवा लावत नाही. म्हणजे आज लागलेल्या दिव्याची सुरुवात कालच झालेली असू शकते.

तिथेच `Freeze Frame` नावाचा भाग असतो. दोष पकडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, त्यावर किती भार, याचा तो फोटो आहे. मला सर्वांत जास्त तोच हवा असतो. म्हणून कळकळीने सांगते, `Clear Codes` हे बटण कुणीही आपणहून दाबू नका. ते दाबलं की दिवा विझतो, पण तो फोटोही जातो, आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला रस्त्यावर हमखास मिळेल. त्यानेही हीच माहिती पुसली जाते.

कोड हा भागाचं नाव नसतो, लक्षण असतं, एवढं लक्षात ठेवा. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलायचा, असं करणाऱ्याचे पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो. सेन्सर बरेचदा खरंच सांगत असतो.

लुकलुकणं म्हणजे नेमकं काय

चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरचा धक्का क्रँकशाफ्टला मिळतो. शाफ्टला लागून असलेला सेन्सर त्याचा वेग सतत मोजत असतो. एखाद्या सिलिंडरने धक्का दिला नाही की शाफ्ट त्या अर्ध्या फेऱ्यात किंचित मंदावतो. कॉम्प्युटर ते टिपतो, आणि कुठल्या सिलिंडरची पाळी होती हेही त्याला माहीत असतं. म्हणून P0301 म्हणजे पहिला सिलिंडर, P0302 म्हणजे दुसरा, असे कोड येतात. P0300 म्हणजे मिसिंग एका जागी नाही, पसरलेलं आहे.

धक्का दिला नाही म्हणजे पेट्रोल जळलं नाही. ते न जळलेलं पेट्रोल आणि हवा तशीच बाहेर पडते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तिथे एक मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनी मातीची वीट असते. नेहमीच्या चालीत ती काहीशे अंश तापते. मिसिंग जोरात असेल तर तापमान हजाराच्या पुढे जाऊ शकतं. मग ती वीट वितळते, तिची छिद्रं बुजतात, आणि धूर बाहेर पडायला वाट उरत नाही. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या एका कॉइलचं काम कन्व्हर्टरच्या कामापर्यंत जातं ते असं. म्हणूनच मिसिंगच्या बाबतीत कॉम्प्युटर दुसऱ्या फेरीची वाट पाहत नाही, लगेच दिवा लुकलुकवतो.

लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला, तर धोका टळला असं समजू नका. पाय काढल्यामुळे भार कमी झाला, म्हणून मिसिंग कमी झालं, एवढंच.

गेल्या वर्षीचा प्रसंग, पायरीपायरीने

तुमच्यातले काही जण तेव्हा होतात, पण बॉनेटखाली काय चाललं होतं ते सगळ्यांना दिसलं नसेल. नेमकं तेच या वेळी तुम्हाला माझ्याशिवाय करावं लागेल, म्हणून लिहिते.

लांब चढ, गाडीत चौघे आणि डिकी भरलेली, एसी चालू. दादा वरच्या गिअरमध्येच चढ घेत होता. दिवा दहाएक सेकंद लुकलुकला, गाडी उचक्या दिल्यासारखी हलली. दादाने पाय काढला, दिवा स्थिर झाला. आम्ही वर सपाटीवर थांबलो. इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर स्टिअरिंग थरथरत होतं.

कोड होता P0302. `Freeze Frame` मध्ये आरपीएम 2150, वेग ताशी 64 किलोमीटर, इंजिनचं तापमान 92 अंश आणि भार 88 टक्के. म्हणजे इंजिन नीट तापलेलं, पण जास्त गरम नाही, आणि भार खूप. यातून बरंच कळतं. भार वाढतो तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबली जाते, आणि दाट हवेतून ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कमजोर झालेली कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते आणि चढावर हात टेकते. शिवाय पेट्रोल किती कमी-जास्त करावं लागतंय हे दाखवणारा `Fuel Trim` दोन टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे सगळ्या इंजिनला मिळणारी हवा आणि पेट्रोल ठीक होतं. कोडही एकाच सिलिंडरचा. गाडीतला पेट्रोल ढकलणारा पंप बिघडला असता किंवा कुठून हवा शिरत असती, तर बहुधा P0300 आला असता, सोबत हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा P0171 सुद्धा. तेव्हा संशय दुसऱ्या सिलिंडरची कॉइल, प्लग किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांच्यावर.

तिघांतलं कोण, हे ठरवायला नवा भाग लागत नाही. आहेत त्याच कॉइल अदलाबदल करायच्या. आपल्या दोन्ही गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, त्यामुळे ही युक्ती दोन्हींत चालते. आधी स्क्रीनचे फोटो काढले, सगळे, `Freeze Frame` सकट. मग इंजिन बंद करून, चावी काढून, ते बऱ्यापैकी थंड होईपर्यंत थांबलो. तापलेल्या इंजिनवर हात भाजतो आणि घाईत कनेक्टरच्या प्लास्टिकची जीभ तुटते, आणि ती तुटली की वायर प्रवासभर सैल राहते. वरचं प्लास्टिकचं कव्हर उचललं. पहिला सिलिंडर कुठल्या टोकाचा ते गाडीच्या पुस्तकात पाहिलं. बहुतेक सरळ चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये तो बेल्टच्या बाजूचा असतो, पण पाहून घ्यायचंच, चुकीच्या टोकाने मोजलं तर दुसऱ्याऐवजी तिसरा निघतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर काढला, दहा नंबरच्या पान्याने एकेक बोल्ट सोडला, कॉइल जराशी पिळून सरळ वर ओढली. दुसरीची तिसऱ्यावर, तिसरीची दुसऱ्यावर. खळग्यात तेल किंवा पाणी नाही ना, तेही वाकून पाहिलं. कनेक्टर टक आवाज येईपर्यंत बसवले.

इंजिन चालू असताना कॉइल किंवा तिचा कनेक्टर काढून 'आवाज बदलतो का' पाहणारे मेकॅनिक तुम्हाला भेटतील. आपल्यापैकी कुणी ते करायचं नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात.

मग, आणि फोटो घेऊन झाल्यानंतरच, `Clear Codes` दाबलं. या एकाच कामासाठी ते बटण आहे. इंजिन सुरू करून नुसतं चालू ठेवलं. तीनेक मिनिटांत `Pending` मध्ये P0303 उमटला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. कोड P0302 वरच राहिला असता, तर पुढची अदलाबदल प्लगची केली असती. प्लगनेही तो सरकला नसता, तर इंजेक्टर किंवा सिलिंडरचा दाब, आणि ते दोन्ही रस्त्याकडेचं काम नव्हे. तिथे मी टोइंगच बोलावलं असतं.

आता पुढचा निर्णय, ज्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. गावापर्यंत अठरा किलोमीटर होते आणि काकांचं म्हणणं होतं की तीन सिलिंडरवर हळूहळू जाऊ. मी नाही म्हटलं. इंजिन नुसतं चालू असतानाच थरथरत होतं, म्हणजे त्या सिलिंडरचं पेट्रोल त्याच्या दर पाळीला कन्व्हर्टरमध्ये जात होतं, आणि पुढे अजून एक चढ होता. आपल्याजवळ दुसरी गाडी होती. कॉइलवर छापलेल्या नंबरचा फोटो घेऊन वहिनी त्या गाडीने गेली आणि नवी कॉइल घेऊन आली. बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एकच गाडी असती आणि थांबायला जागा सुरक्षित नसती, तर भार कमी करून, एसी बंद ठेवून, सपाट रस्त्याने दोन-चार किलोमीटर जायला मी हरकत घेतली नसती, दिवा लुकलुकत नाही तोवर.

स्थिर दिवा, गाडी ठीक: किती जायचं?

हे कोडवर ठरतं. P0455 किंवा P0457 म्हणजे टाकीच्या वाफेची गळती, यात झाकण तपासून मुक्कामापर्यंत जा. P0420 म्हणजे कन्व्हर्टरचं काम घटलंय. गाडी नीट ओढत असेल तर प्रवास पूर्ण करा आणि परत आल्यावर माझ्याकडे आणा. P0128 म्हणजे इंजिन हवं तितकं तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहा, ठीक असेल तर जा, काट्यावर लक्ष ठेवा. P0171 म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हा असेल तर मुक्कामापर्यंत हळू जा, पण दुसऱ्या दिवशी दाखवल्याशिवाय पुढचा टप्पा धरू नका. P0217, म्हणजे इंजिन जास्त तापल्याचा कोड, आणि P0300 पासून पुढचे मिसिंगचे कोड असतील तर दिवा स्थिर असला तरी आधी मला फोन.

स्कॅनर चाललाच नाही, तर गाडीच्या चालीवर ठरवा. आणि शंका वाटली तर थांबा.

गाडी डिझेलची असती तर मी आणखी बरंच लिहिलं असतं, विशेषतः काजळी गाळणाऱ्या फिल्टरबद्दल. आपल्या दोन्ही पेट्रोलच्या आहेत, म्हणून ते सोडते.

ग्रुपवर काय टाकायचं

'दिवा लागला, काय करू' एवढ्याने मला काही कळत नाही. मीटरचा फोटो टाका, लाल दिवा लागला नसेल तर इंजिन चालू असतानाचा, सगळे दिवे आणि तापमानाचा काटा दिसेल असा. लुकलुकत असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ, इंजिनचा आवाज येईल असा. कोडचा आणि `Freeze Frame` चा स्क्रीनशॉट. दिवा लागला तेव्हा चढ होता की सपाट, वेग किती, पेट्रोल शेवटचं कधी भरलं. आणि तुम्ही सगळे कुठे उभे आहात ते लोकेशनसह. या शेवटच्याचं उत्तर मी सर्वांत आधी वाचणार आहे, कारण तुम्ही रेलिंगच्या पलीकडे नसाल तर बाकीचं नंतर बोलू.

रस्त्यात मेकॅनिक भेटला तर त्याला कोडचा फोटो दाखवा आणि एकच विचारा, 'हा भाग खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?' अदलाबदल करून, मोजून, उघडून दाखवणारा माणूस भेटला तर निश्चिंत काम करू द्या. जुना भाग मात्र मागून घ्या आणि डिकीत ठेवा, मला पाहायचा असतो.

काम झाल्यावर दिवा कसा विझतो तेही सांगते. कोड पुसले नाहीत तर तो लगेच जात नाही. दोष न दिसलेल्या सलग तीन फेऱ्या झाल्या की कॉम्प्युटर तो आपणहून विझवतो, आणि मिसिंगच्या बाबतीत त्या फेऱ्यांत आधीसारखाच वेग आणि भारही यावा लागतो. गेल्या वर्षी आम्ही कोड पुसले होते, म्हणून दिवा बंदच होता, पण `Pending` मधला P0303 उरला होता. नव्या कॉइलवर दादाने मुद्दाम पुढचा चढ आदल्यासारखाच घेतला, मी शेजारी फोन हातात धरून बसले होते. दिवा लुकलुकला नाही. रात्री मुक्कामाला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा सुरू करून थोडं अंतर गेल्यावर मी यादी उघडली, तर ती रिकामी होती.